कांद्याच्या भावाचा अंदाज : वरचा आणि खालचा पट्टा सारखाच का धरायचा?

पुढच्या आठवड्यात लासलगावला उन्हाळ कांदा क्विंटलला १,८०० रुपयांनी जाईल, असा अंदाज कुणी दिला तर चाळ भरून बसलेल्या शेतकऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याचा खरा प्रश्न असतो, ‘वाईटात वाईट कितीवर येईल?’ कांद्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या खरेदीवाल्याचा प्रश्न याच्या उलट असतो, ‘महागात महाग किती पडेल?’ दोघांनाही एक आकडा नको असतो, पट्टा हवा असतो: भाव अमुक ते तमुक यांच्यामध्ये राहील आणि अशा पाच आठवड्यांपैकी साधारण चार आठवडे हे बोलणे खरे ठरेल. याला ८० टक्क्यांचा पट्टा म्हणतात.

हा पट्टा काढायची रूढ रीत अशी. अंदाज आजवर किती चुकला हे पाहायचे, त्या चुकांचे प्रमाण विचलन काढायचे आणि ठरावीक पट करून ते अंदाजात मिळवायचे व अंदाजातून वजाही करायचे. ८० टक्क्यांसाठी ही पट १.२८, ९५ टक्क्यांसाठी १.९६. बहुतेक सॉफ्टवेअर न सांगता हेच करते. या आकड्यांमागे एक गृहीत आहे: चुका नॉर्मल वितरणाच्या आहेत, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्रासारख्या शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या आहेत. कांद्याच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ते कुठे मोडते हे आधी पाहू, म्हणजे बूटस्ट्रॅप ही झालेल्या चुकांवरूनच पट्टा काढायची रीत नेमके काय दुरुस्त करते ते आपोआप कळेल.

कांद्याच्या चुका वरच्या बाजूला का लांबतात

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत साठवला जातो. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत देशाची गरज बरीचशी या साठ्यावर भागते. आवक भरपूर असते तेव्हा भाव उतरतो, पण उतरायला त्याला अडथळे असतात. भाव पडला की ज्याच्याकडे चाळ आहे तो माल रोखून धरतो, आवक घटते आणि घसरण मंदावते. शिवाय भाव शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात शेतातला लाल कांदा सडला आणि चाळीतला जुना माल संपत आला, तर पुढचे कित्येक आठवडे नवा माल कुठूनच येणार नसतो. तेव्हा भावाला वर जायला मोकळे रान मिळते. २०१९ च्या अखेरीस शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला तो असाच.

अंदाजाच्या चुकांवर याचा ठसा दिसतो. बहुतेक आठवडे अंदाज थोडासा जास्त निघतो, म्हणजे भाव अंदाजापेक्षा जरा कमी भरतो. अधूनमधून मात्र एखादा आठवडा असा येतो की भाव अंदाजाच्या कितीतरी वर जातो. लहान लहान उणे चुका पुष्कळ आणि मोठ्या अधिक चुका मोजक्या, असे हे कललेले वितरण.

वीस चुकांचे उदाहरण

हातानेही पडताळता यावे म्हणून वीस आठवड्यांच्या चुका घेऊ. हे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, बाजार समितीच्या नोंदी नव्हेत, पण त्यांची ठेवण मात्र कांद्याची आहे. चूक म्हणजे प्रत्यक्ष भाव वजा अंदाज, रुपये प्रति क्विंटल. लहानापासून मोठ्याकडे लावलेल्या:

−२१०, −१९०, −१७०, −१६०, −१५०, −१४०, −१३०, −१२०, −११०, −९०, −८०, −६०, −४०, −२०, १०, ६०, १५०, २८०, ४३०, ७४०

बेरीज बरोबर शून्य येते, म्हणजे सरासरीने अंदाज ना जास्त ना कमी. पण वीसपैकी चौदा चुका उणे आहेत आणि मधली चूक (मध्यक) −८५ आहे. सरासरी शून्य आणि मध्यक शून्यापासून लांब, ही कल असल्याची पहिली खूण. ती तपासायला आलेखाचीही गरज नाही.

आता रूढ पट्टा काढू. या चुकांचे प्रमाण विचलन २३८ येते. त्याची १.२८ पट साधारण ३०५. अंदाज १,८०० असेल तर ८० टक्क्यांचा पट्टा १,४९५ ते २,१०५ झाला.

यादीत मागे वळून पाहा. आजवरची सर्वांत वाईट उणे चूक २१० ची आहे. म्हणजे भाव फार फार तर १,५९० पर्यंत आला असता. पट्टा मात्र शेतकऱ्याला १,४९५ चे भय दाखवतो, आणि तेही ‘दहातून एकदा याच्याही खाली जाईल’ असे सांगत. हे जवळजवळ शंभर रुपये आले कुठून?

ते आले ७४० च्या चुकीतून. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक चुकीचा वर्ग करतात. वीस चुकांच्या वर्गांची बेरीज १०,७७,४०० आहे आणि त्यातले ५,४७,६०० एकट्या ७४० चे, म्हणजे निम्म्याहून जास्त. वर्ग केला की अधिक-उणे चिन्ह पुसले जाते. फुगलेले विचलन मग दोन्ही बाजूंना समान वाटले जाते. भाव एकदा भलताच वर गेला होता म्हणून तो खालीही तितकाच जाऊ शकेल, असा अजब निष्कर्ष त्यातून निघतो. सूत्रात चूक काहीच नाही. त्याला बाजूच माहीत नाही, एवढेच.

याच चुकांवरून ९५ टक्क्यांचा पट्टा १,३३३ ते २,२६७ येतो. तो वीस चुकांवर तपासला तर किती आठवडे बाहेर पडतात? फक्त एक, ७४० चा. म्हणजे वीसपैकी एकोणीस आत, अगदी ९५ टक्के. अहवालात ‘पट्ट्याची व्याप्ती तपासली, बरोबर आली’ असे लिहिता येईल आणि ते खरेही असेल. ८० टक्क्यांच्या पट्ट्यातून दोन बाहेर पडतात, ४३० आणि ७४०, दोन्ही वरच्या बाजूला. खालून एकही नाही. मला हा या विषयातला सर्वांत फसवा भाग वाटतो: एकूण मोजणी ठीक येते आणि पट्टा तरीही दोन्ही बाजूंना चुकीचा असतो, खाली विनाकारण ढिला आणि वर तोकडा. म्हणून व्याप्ती तपासताना बाहेर पडलेले आठवडे एकत्र मोजू नयेत. वरून किती गेले आणि खालून किती, हे वेगवेगळे लिहावे.

बूटस्ट्रॅप : चुकांनाच बोलू द्या

ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या बूटस्ट्रॅपची कल्पना इथे फार सरळपणे लागू होते. चुका कोणत्या वितरणाच्या आहेत याचा तर्क करायचा नाही. झालेल्या चुका हेच वितरण समजायचे. वीस चुका वीस चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, एक उचला, अंदाजात मिळवा, चिठ्ठी परत डब्यात टाका आणि पुन्हा उचला. परत टाकणे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या महिन्यात तीच चूक दोनदा होऊ शकते.

एकाच आठवड्यापुढचा पट्टा हवा असेल तर खरे म्हणजे चिठ्ठ्या उचलायचीही गरज नाही. चुकांच्या यादीत खालून दहा टक्क्यांवर आणि वरून दहा टक्क्यांवर कोण आहे तेवढे पाहिले की झाले. दोन चुकांच्या मधली जागा प्रमाणात वाटण्याची नेहमीची पद्धत वापरली तर खालचे टोक −१७२ आणि वरचे +२९५ येते. पट्टा झाला १,६२८ ते २,०९५.

शेजारी ठेवून पाहा. वरचे टोक जवळपास तेच आहे, २,१०५ च्या जागी २,०९५. खालचे टोक मात्र १,४९५ वरून १,६२८ वर सरकले. विकू की थांबू या विचारात असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा क्विंटलमागे १३३ रुपयांचा फरक आहे. ९५ टक्क्यांना चित्र आणखी स्पष्ट होते: बूटस्ट्रॅपचा पट्टा साधारण १,६०० ते २,३९३. खालून तो रूढ पट्ट्यापेक्षा आखूड आहे आणि वरून लांब. खरेदीवाल्याला हे वरचे सव्वाशे रुपये आधीच कळायला हवे होते.

पुढच्या चार आठवड्यांसाठी मात्र चिठ्ठ्या लागतातच, कारण चुका एकावर एक साचत जातात. समजा आपली रीत सर्वांत साधी आहे: पुढच्या आठवड्याचा भाव या आठवड्याइतकाच. मग चार आठवड्यांची एक वाट अशी तयार होते. आज १,८००. पहिली चिठ्ठी −१४०, भाव १,६६०. दुसरी ४३०, भाव २,०९०. तिसरी −६०, भाव २,०३०. चौथी −१७०, भाव १,८६०. ही एक काल्पनिक वाट झाली. अशा पाच हजार वाटा काढायच्या आणि प्रत्येक आठवड्याला त्या पाच हजार भावांपैकी खालचे दहा टक्के व वरचे दहा टक्के बाजूला ठेवायचे. उरलेला मधला भाग म्हणजे त्या आठवड्याचा पट्टा.

```python
import numpy as np

rng = np.random.default_rng(7)
e = np.array([-210, -190, -170, -160, -150, -140, -130,
              -120, -110, -90, -80, -60, -40, -20, 10,
              60, 150, 280, 430, 740])
e = e - e.mean()
draws = rng.choice(e, size=(5000, 4), replace=True)
paths = 1800 + draws.cumsum(axis=1)
print(np.quantile(paths, [0.10, 0.90], axis=0))
```

`e - e.mean()` ही ओळ आपल्या यादीत काहीच बदलत नाही, कारण सरासरी आधीच शून्य आहे. खऱ्या माहितीत ती क्वचितच शून्य असते. चुकांची सरासरी २५ असेल आणि ती तशीच ठेवली, तर चार आठवड्यांत प्रत्येक वाट सरासरीने शंभर रुपये वर सरकेल. ती पावसामुळे सरकली की आपल्या हलगर्जीपणामुळे, हे आलेखावरून ओळखता येणार नाही. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांना हे सगळे हाताने करायची गरज नाही. `fable` पॅकेजमध्ये `forecast(h = 4, bootstrap = TRUE)` एवढे लिहिले की पुरते.

वरचा कोड वेगवेगळ्या बीजाने, म्हणजे ७ च्या जागी दुसरा आकडा टाकून, चालवलात तर पहिल्या आठवड्याचे वरचे टोक कधी २,०८० येईल आणि कधी २,२३०. कोड बिघडलेला नाही. यादीत २८० पर्यंत बरोबर ९० टक्के चुका संपतात आणि त्यापुढची चूक थेट ४३० ची आहे. पाच हजारांच्या खेचाखेचीत ९० टक्क्यांची रेषा या दोघांच्या सीमेवर पडते आणि कधी इकडे, कधी तिकडे झुकते. वाटा पाच हजारांच्या पन्नास हजार केल्या तरी हे थांबणार नाही, कारण कमतरता वाटांची नसून चुकांची आहे. वीस चुकांवर ९५ टक्क्यांचे वरचे टोक तर जवळजवळ एकट्या ७४० च्या आधाराने उभे असते. पाच वर्षांच्या साप्ताहिक नोंदी, म्हणजे साधारण २६० चुका हाती असतील, तेव्हा वरच्या अडीच टक्क्यांत सहा-सात चुका येतात. मग ते टोक जरा स्थिर होते. तेवढ्या नोंदी नसतील तर ८० टक्क्यांच्या पट्ट्यावर थांबावे, असे माझे मत. ९५ टक्क्यांचा आकडा छापला की वाचणारा त्यावर विश्वास ठेवतोच.

आठवडे वाढत गेले की आणखी एक गोष्ट दिसते. बेरजेच्या वाटांमध्ये कल हळूहळू विरघळतो. एका आठवड्याच्या चुकांची विषमता, म्हणजे कल किती हे सांगणारा आकडा, आपल्या यादीत साधारण १.९ आहे, चार आठवड्यांच्या बेरजेची ती निम्मी होते, सोळा आठवड्यांच्या बेरजेची पावपट. म्हणून चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि नुसत्याच बेरजेने साचत असतील, तर लांबच्या अंदाजाला रूढ पट्टा आणि बूटस्ट्रॅपचा पट्टा एकमेकांजवळ येतात. खरा फरक जवळच्या आठवड्यांत असतो, आणि विक्रीचा निर्णयही बहुधा तिथेच होतो.

रुपयांत की टक्क्यांत

आतापर्यंत एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. ४३० रुपयांची चूक भाव १,२०० असताना छत्तीस टक्क्यांची असते आणि भाव ४,५०० असताना दहा टक्क्यांचीही नसते. महागाईच्या महिन्यांतल्या रुपयांतल्या चुका स्वस्ताईच्या महिन्यात टाकल्या तर अनर्थ होतो. भाव ४,५०० असताना झालेली −९०० ची चूक (वीस टक्के) डब्यात असेल आणि आजचा भाव ७०० असेल, तर ती चिठ्ठी निघताच कांदा उणे दोनशे रुपयांना विकला जाईल.

यावर उपाय म्हणजे चूक गुणोत्तरात मोजणे. प्रत्यक्ष भाव भागिले अंदाज याचा लॉगरिदम घ्यायचा, चिठ्ठ्या त्याच्या करायच्या आणि वाटा तयार झाल्यावर परत रुपयांत यायचे. अंदाज १,८०० आणि प्रत्यक्ष २,२३० असेल तर ही चूक 0.214. तीच चिठ्ठी ९०० च्या भावावर पडली तर २१५ रुपये वाढवते आणि ४,५०० वर पडली तर सुमारे १,०७५. भाव शून्याखाली जायची शक्यताच उरत नाही.

परत येताना एकच पथ्य पाळायचे. पट्ट्याची टोके जशीच्या तशी उलटवता येतात: लॉगमध्ये दहा टक्के वाटा ज्याच्या खाली होत्या, रुपयांतही त्याच वाटा खाली राहतात. सरासरी मात्र अशी उलटत नाही. लॉगमधली सरासरी उलटवली की जो भाव मिळतो तो साधारणपणे मध्यकाजवळचा असतो, सरासरीपेक्षा कमी. सरासरी हवी असेल तर सगळ्या वाटा आधी रुपयांत आणा आणि मग सरासरी काढा.

लॉग घेतल्यावर कल बऱ्याचदा बराच कमी होतो आणि काही जण तिथेच समाधान मानून पुन्हा १.२८ ने गुणतात. तसे करण्याआधी लॉगमधल्या चुकांचीही सरासरी आणि मध्यक शेजारी ठेवून पाहावेत. कांद्यासारख्या पिकात कल पूर्ण संपेलच याची खात्री नसते.

डबा कधी खोटे बोलतो

चिठ्ठ्या उचलताना आपण गुपचूप दोन गोष्टी मान्य केलेल्या असतात. पहिली, एका आठवड्याच्या चुकीचा पुढच्या आठवड्याच्या चुकीशी संबंध नाही. दुसरी, सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत, मे महिन्यातल्या आणि नोव्हेंबरमधल्याही. कांद्याच्या बाबतीत दोन्ही संशयास्पद आहेत.

भाव चढायला लागला की तो दोन-तीन आठवडे चढतच राहतो, त्यामुळे अधिक चुका सहसा पाठोपाठ येतात. डब्यातून सुट्या चिठ्ठ्या काढल्या तर +४३० नंतर बहुधा एखादी उणे चिठ्ठी येते, दोघी एकमेकींना खातात आणि चार आठवड्यांचा पट्टा प्रत्यक्षापेक्षा अरुंद निघतो. हे ओळखायला चुकांची मालिका एक आठवडा सरकवून तिचा स्वतःशीच सहसंबंध काढावा. तो शून्याच्या बराच वर असेल तर पहिला उपाय मॉडेल सुधारणे हा, म्हणजे गेल्या आठवड्याच्या चढउताराचा अंश पुढच्या अंदाजात घेणे. ते केल्यावरही संबंध उरला तर चिठ्ठ्या सुट्या न उचलता सलग तीन-चार आठवड्यांच्या चुकांची लड एकत्र उचलावी. हान्स क्युन्श यांनी १९८९ मध्ये मांडलेला ब्लॉक बूटस्ट्रॅप तो हाच. लडीतल्या चुकांचा क्रम जपला जातो, त्यामुळे सलग चढाईही वाटांमध्ये उतरते.

दुसऱ्या अडचणीला हंगाम कारण आहे. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते त्या महिन्यांत चुका लहान असतात आणि जुना साठा संपत येऊन नवा माल यायचा असतो त्या महिन्यांत मोठ्या. सगळ्या एकाच डब्यात टाकल्या तर मेमधला पट्टा उगीच रुंद आणि ऑक्टोबरमधला धोकादायक अरुंद होतो. पुन्हा तेच: वर्षभराची एकूण व्याप्ती ८० टक्के दिसेल. म्हणून दोन डबे करावेत. यात डब्यातल्या चिठ्ठ्या निम्म्या होतात आणि टोके पुन्हा डळमळीत होतात, ही किंमत मोजावी लागते. मी तरी दोनपेक्षा जास्त डबे करायच्या फंदात पडणार नाही; बारा महिन्यांचे बारा डबे केले तर प्रत्येकात आठवणींखेरीज काही उरत नाही.

चुका कुठून आणल्या हेही पाहावे लागते. ‘या आठवड्याइतकाच पुढचा भाव’ या रीतीत जुळवायला काहीच नाही, त्यामुळे तिच्या चुका प्रामाणिक असतात. पण आठ-दहा गुणांक असलेले मॉडेल ज्या नोंदींवर बसवले त्याच नोंदींवरच्या चुका डब्यात टाकल्या तर त्या लहान असणारच, कारण मॉडेलने उत्तरपत्रिका आधी पाहिलेली असते. अशा वेळी अंदाजाचा आरंभ एकेक आठवड्याने पुढे सरकवत न्यावा: पहिल्या दोन वर्षांवर मॉडेल बसवा, पुढच्या आठवड्याचा अंदाज करा, चूक लिहा, तो आठवडा नोंदीत घ्या, पुन्हा बसवा. वेळ लागतो, पण डब्यात जायच्या चुका या.

पट्टा किती चांगला, हे एका आकड्यात

वर-खालच्या मोजणीला जोड म्हणून एक गुणांकन उपयोगी पडते, त्याला विंकलर स्कोअर म्हणतात. ८० टक्क्यांच्या पट्ट्यासाठी हिशेब असा: प्रत्येक आठवड्याला पट्ट्याची रुंदी हा खर्च, आणि भाव बाहेर पडला तर जितके रुपये बाहेर पडला त्याच्या दहापट दंड. एकूण जितका कमी तितका पट्टा चांगला. रुंद पट्टा लावून सुरक्षित राहू म्हणणाऱ्याला रुंदीचा खर्च बसतो आणि अरुंद पट्टा दाखवून हुशारी करणाऱ्याला दंड बसतो.

आपल्या वीस आठवड्यांवर रूढ पट्ट्याची रुंदी ६१० आहे. दोन चुका बाहेर, एक १२५ ने आणि एक ४३५ ने. दंड ५,६००, आठवड्यामागे २८०. स्कोअर ८९०. बूटस्ट्रॅपची रुंदी ४६७. त्यातून चार चुका बाहेर पडतात: खालून ३८ आणि १८ ने, वरून १३५ आणि ४४५ ने. दंड ६,३६०, आठवड्यामागे ३१८, स्कोअर ७८५. चारही चुका बाहेर पडूनही तो जिंकला, कारण जिथे भाव जातच नव्हता तिथली रुंदी त्याने सोडून दिली. अर्थात ज्या चुकांवरून पट्टा काढला त्यांवरच हा सामना खेळवला आहे, त्यामुळे बूटस्ट्रॅपला घरचे मैदान मिळाले. खरी तुलना पुढे सरकत्या अंदाजांवर, पट्टा काढताना न पाहिलेल्या आठवड्यांवर करायची.

जे घडले नाही ते डब्यात नाही

एका आठवड्याचा बूटस्ट्रॅप पट्टा आजवरच्या सर्वांत मोठ्या चुकीपलीकडे जाऊच शकत नाही. आपल्या यादीत ही भिंत वर २,५४० ला आहे आणि खाली १,५९० ला. वरची भिंत निदान लांब तरी आहे. खालची फार जवळ आहे, आणि कांद्याच्या बाजारात तिकडूनही धक्के येतात, पण ते पावसाचे नसतात. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ती पुढे ४ मे २०२४ ला उठवली. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरमध्येही अशी बंदी आली होती. बंदी भाव चढलेला असतानाच येते, म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यांत जेव्हा डबा म्हणत असतो की धोका फक्त वरच्या बाजूला आहे. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलावच बंद पडले. त्या दिवसांची चूक मोजायला भावच नाही आणि नोंदीत पोकळी राहते. ती पोकळी आदल्या भावाने भरली तर डब्यात खोट्या शून्य चुका जातात आणि पट्टा आणखी आखडतो. तिथली जागा रिकामी ठेवलेली बरी.

बंदीच्या आठवड्यांच्या चुका डब्यात ठेवाव्यात का? काढून टाकल्या तर पट्टा स्वच्छ दिसतो आणि पुढच्या बंदीला सपशेल फसतो. ठेवल्या तर अशा दोन-तीन चिठ्ठ्या मे महिन्यातल्या शांत आठवड्यातही निघू शकतात, जेव्हा बंदीची शक्यता जवळजवळ नसते. मी त्या डब्यातून काढतो आणि पट्ट्याखाली वेगळी ओळ लिहितो: हा पट्टा निर्यात धोरण आहे तसे राहील असे धरून काढला आहे, बंदी आली तर मागच्या वेळी पहिल्या आठवड्यात भाव इतके टक्के उतरला होता. ती टक्केवारी शेतकऱ्याने स्वतःच्या बाजार समितीच्या सर्वसाधारण दरावरून काढावी, कारण लासलगाव, सोलापूर आणि चाकण इथे येणारा माल एकसारखा नाही आणि प्रत्येक ठिकाणी धक्काही सारखाच बसेल असे धरता येत नाही.